एक स्तंभ रंगीत, बाकीचे करडे

स्तंभालेख ही आता भूगोलाच्या पाठ्यपुस्तकापुरती उरलेली वस्तू नाही. पतपेढीचा वार्षिक अहवाल, ग्रंथालयाची सर्वसाधारण सभा, शाळेचा सूचनाफलक, वर्तमानपत्राचे पान, सर्वत्र त्याचा संचार आहे. आणि जेथे तो दिसतो, तेथे बहुधा इंद्रधनुष्याची सारी संपत्ती लेवून उभा असतो. सहा स्तंभ असले की सहा रंग हे जणू ठरूनच गेले आहे. काढणाऱ्याचा हेतू चांगला असतो; चित्र उठून दिसावे, एवढेच त्याच्या मनात असते. परंतु पाहणाऱ्याची नजर तांबड्यावरून हिरव्याकडे, हिरव्यावरून निळ्याकडे भटकत राहते, आणि 'यातून काय कळले?' असे विचारल्यास तो पुन्हा डावीकडून मोजू लागतो.

वस्तुतः या सहा रंगांनी कोणतीच नवी माहिती दिलेली नसते. प्रत्येक स्तंभाखाली त्याचे नाव लिहिलेलेच असते. कोण कोणाहून मोठा ते उंचीवरून कळतेच. मग रंगाकडे काम कोणते उरले? एकच, आणि ते फार मोलाचे: 'येथे पाहा' असे सांगण्याचे. हे काम रंग तेव्हाच करू शकतो, जेव्हा तो एकाच ठिकाणी असतो. म्हणूनच ज्या स्तंभाविषयी बोलावयाचे, तेवढा एक ठसठशीत रंगात रंगवावा आणि बाकीचे सर्व करड्या रंगात ठेवावेत, अशी रीत जाणकार पाळत आले आहेत.

या रीतीचे एक जुने आणि अर्थपूर्ण उदाहरण इसवी सन १९०० मधील पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सापडते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनाची ओळख करून देणारा एक स्वतंत्र विभाग त्या प्रदर्शनात होता. त्यासाठी अटलांटा विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि त्यांचे विद्यार्थी यांनी सुमारे साठ आलेख हातांनी काढले. शाई आणि जलरंग एवढीच त्यांची साधने. हे तक्ते आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेले आहेत.

त्यांतील एक तक्ता निरक्षरतेचा आहे. निरनिराळ्या देशांतील निरक्षरतेचे प्रमाण त्यात आडव्या पट्ट्यांनी दाखविले आहे. पट्टी जितकी लांब, तितकी निरक्षरता अधिक. पट्ट्या लांबीच्या क्रमाने एकीखाली एक मांडल्या आहेत. रुमानिया, रशिया, हंगेरी, इटली, फ्रान्स अशा युरोपीय राष्ट्रांच्या सर्व पट्ट्या हिरव्या आहेत. त्यांच्यामध्ये एकच पट्टी लाल आहे, आणि ती आहे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची.

ही लाल पट्टी ना सर्वांत लांब आहे, ना सर्वांत आखूड. सारे मर्म तेथेच आहे. अमेरिकेत गुलामगिरी नष्ट झाली १८६५ साली. त्यापूर्वी दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यानंतर अवघ्या पस्तीस वर्षांनी हा समाज युरोपातील जुन्या राष्ट्रांच्या रांगेत कोठे उभा आहे, हे पाहणाऱ्याला दिसावे, अशी ही मांडणी होती. लाल पट्टी पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. पण तिच्या वर रुमानिया आणि रशिया यांच्या पट्ट्या तिच्याहून लांब पसरलेल्या दिसतात, तेव्हाच त्याला खरी वार्ता कळते. ती एकटी पट्टी कागदावर काढली असती, तर 'या समाजात निरक्षरता फार आहे' एवढेच दिसले असते. शेजारच्या हिरव्या पट्ट्यांनी त्याच लांबीचा अर्थ पालटून टाकला.

यातून या रीतीचे मूळ सूत्र हाती येते. रंगीत स्तंभ हे एक विधान असते आणि बाकीचे स्तंभ हा त्या विधानाचा पुरावा असतो. पुरावा मागे उभा राहावा, पुढे-पुढे करू नये. परंतु त्याला दालनाबाहेर काढले, तर विधानाला आधारच उरत नाही.

आता एकच रंग नजरेला इतक्या लवकर का खेचतो, याचाही विचार केला पाहिजे. ॲन ट्रीझमन व गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे उत्तर मिळते. पाहणाऱ्यापुढे अक्षरांचा समूह ठेवावयाचा आणि त्यातून एक ठरावीक अक्षर शोधावयास सांगावयाचे, असे त्या प्रयोगांचे स्वरूप होते. शोधावयाचे अक्षर जर केवळ रंगानेच इतरांहून वेगळे असेल, तर भोवती चार अक्षरे असोत की तीस असोत, ते सापडण्यास लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. ते शोधावे लागतच नाही. आपण होऊन डोळ्यांत भरते. परंतु रंग आणि आकार या दोन्ही गोष्टी जुळवून पाहाव्या लागल्या, म्हणजे हिरव्या आणि तपकिरी अक्षरांच्या गर्दीतून एक विशिष्ट हिरवे अक्षर निवडावयाचे असले, तर प्रत्येक अक्षर एकामागून एक तपासावे लागते आणि गर्दी वाढेल तसा वेळही वाढत जातो.

सहा रंगांचा स्तंभालेख आणि एका रंगाचा स्तंभालेख यांत हाच भेद आहे. पहिल्यात शोधणे आहे, दुसऱ्यात दिसणे आहे. करड्या रंगाची निवडही यासाठीच होते. निळ्या स्तंभांत एक तांबडा स्तंभ उठून दिसेल खरा. परंतु निळाही रंगच आहे, आणि 'हा निळा कशासाठी?' असा प्रश्न मनात डोकावतोच. करडा रंग असा प्रश्न उभा करीत नाही. तो लांबी सांगतो आणि गप्प बसतो.

आता प्रत्यक्ष एक आलेख करून पाहू. इंदूरच्या एखाद्या मराठी ग्रंथालयात साक्षरतेवर चर्चा ठेवलेली आहे आणि भिंतीवर एक तक्ता लावावयाचा आहे, असे समजू. मराठी माणसे जेथे पिढ्यान् पिढ्या वसलेली आहेत, अशी सहा राज्ये घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सात वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांतील साक्षरतेचे प्रमाण, पूर्णांकात, असे होते: गोवा ८९ टक्के, महाराष्ट्र ८२, गुजरात ७८, कर्नाटक ७५, मध्य प्रदेश ६९ आणि आंध्र प्रदेश ६७. हा आंध्र प्रदेश त्या वेळचा, म्हणजे हैदराबाद व तेलंगण यांसह अखंड असलेला; तेलंगण वेगळे झाले ते २०१४ साली. साऱ्या देशाचे प्रमाण होते ७३ टक्के.

पेन्सिल हाती घेण्यापूर्वी एक वाक्य लिहावे. आलेखाने जे सांगावयाचे ते त्या वाक्यात यावे. इंदूरच्या सभेसाठी ते असे होईल: 'या सहा राज्यांत मध्य प्रदेशाचा क्रमांक पाचवा असून तो देशाच्या सरासरीहून खाली आहे.' हेच वाक्य आलेखाचे शीर्षक. 'सहा राज्यांतील साक्षरता' असे कोरडे शीर्षक दिले आणि एक स्तंभ रंगविला, तर रंग बोट दाखवितो, पण का दाखवितो ते कोणीच सांगत नाही. वाक्य लिहिताच येत नसेल, तर रंगवावयाचा स्तंभही अद्याप ठरलेला नाही, असे समजावे.

मग मापे. एक सेंटीमीटरला पाच टक्के असे प्रमाण धरले, तर गोव्याचा स्तंभ १७.८ सेंटीमीटर उंच होईल, महाराष्ट्राचा १६.४, गुजरातचा १५.६, कर्नाटकाचा १५, मध्य प्रदेशाचा १३.८ आणि आंध्राचा १३.४. स्तंभ उंचीच्या उतरत्या क्रमाने उभे करावेत. वर्णानुक्रमाने नव्हेत, कारण 'पाचवा' हा शब्द वाक्यात आहे आणि तो डोळ्यांना मोजता आला पाहिजे. देशाच्या सरासरीसाठी तळापासून १४.६ सेंटीमीटरवर एक बारीक तुटक रेषा आडवी ओढावी. मध्य प्रदेश गडद तांबड्या रंगात रंगवावा. उरलेले पाचही स्तंभ एकाच करड्या छटेत. प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर त्याचा आकडा काळ्या शाईने लिहावा, करड्यांवरही. रंगीत स्तंभाचा आकडा थोडा ठळक असला म्हणजे पुरे.

हाच आलेख संगणकावर करणाऱ्याला कामे तीच, साधने निराळी. नेहमीच्या तक्तेवजा कार्यक्रमांत एका स्तंभावर एकदा टिचकी मारली की सारे स्तंभ एकदम निवडले जातात; तेव्हा सर्वांना करडा रंग द्यावा. त्यानंतर हव्या त्या स्तंभावर पुन्हा टिचकी मारली की तेवढा एकच निवडला जातो. त्याला तांबडा द्यावा. रंगाचे अंक लिहावयाचे असतील, तर करड्यासाठी `#A6A6A6` आणि तांबड्यासाठी `#C00000` हे चांगले जुळतात. येथे भडक तांबडा न घेता गडद तांबडा घेण्याला कारण आहे. आलेखाची प्रत पुष्कळदा काळ्या-पांढऱ्या छपाईत निघते. भडक तांबडा त्या छपाईत मध्यम करडा होऊन शेजाऱ्यांत मिसळू लागतो. गडद तांबडा जवळजवळ काळसर होतो आणि वेगळेपण टिकवितो. दुसरेही एक कारण आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना तांबड्या-हिरव्यातला भेद नीट कळत नाही आणि इतर समाजांतही असे लोक आहेतच. ड्यू बॉइस यांच्या तक्त्यातील हिरवा आणि लाल अशा डोळ्यांना सारखाच भासण्याचा संभव आहे. फिकट करडा आणि गडद तांबडा मात्र त्यांनाही वेगळे दिसतात, कारण येथे रंगाबरोबर उजेड-अंधाराचाही भेद आहे.

आलेख तयार झाला. आता प्रश्न थोडा बदलून पाहू. साक्षर किती, हे न विचारता स्त्री-पुरुषांच्या साक्षरतेत अंतर किती, असे विचारले तर? त्याच जनगणनेत मध्य प्रदेशातील पुरुषांचे प्रमाण सुमारे ७९ टक्के आणि स्त्रियांचे सुमारे ५९ होते. अंतर साडेएकोणीस टक्क्यांचे. गुजरातेत हे अंतर १६ होते, आंध्रात जवळजवळ तितकेच, कर्नाटकात सुमारे १४, महाराष्ट्रात साडेबारा आणि गोव्यात ८.

स्तंभांची रांग पुन्हा लागते, आणि पहिल्या आलेखात पाचवा असलेला मध्य प्रदेश आता सर्वांत उंच होऊन डावीकडे येतो. दोन्ही आलेख शेजारी लावावयाचे असल्यास त्याचा तांबडा रंग तोच ठेवावा, म्हणजे पाहणारा एकाच राज्याचा माग काढीत आहे हे त्याला कळते. येथे रंग बदलला, तर नजरेला दुसरेच कोणी असल्याचा भास होतो. दुसऱ्या आलेखाचे प्रमाण मात्र निराळे असेल. एक सेंटीमीटरला एक टक्का धरल्यास सर्वांत उंच स्तंभ साडेएकोणीस सेंटीमीटरचा होईल. तेव्हा दोन्ही तक्त्यांखाली आपापले प्रमाण स्पष्ट लिहावे, नाही तर दोन तक्त्यांमधील उंची एकमेकींशी ताडून पाहिली जाईल.

परंतु हेच दोन आलेख वडोदऱ्याच्या सभेपुढे ठेवावयाचे असतील, तर रंगवावयाचा स्तंभ गुजरातचा. पहिल्या आलेखात गुजरात तिसरा आहे, देशाच्या सरासरीच्या वर, समाधानाने बसावे अशा जागी. दुसऱ्यात तो एकदम दुसऱ्या क्रमांकावर येतो, आणि तेथे वरचा क्रमांक भूषणाचा नाही. एकूण साक्षरता चांगली, पण स्त्रियांना तिचा वाटा कमी, ही गोष्ट सहा रंगांच्या गर्दीत कोणाच्याही ध्यानात आली नसती. आकडे तेच, उंची तीच, क्रम तोच. फक्त रंग एका स्तंभावरून उठून दुसऱ्यावर बसला आणि सभेपुढचा विषय बदलला.

येथेच या रीतीची जोखीमही दिसून येते. पहिल्या आलेखात गोवा रंगविला तर अभिमान वाटेल, आंध्र रंगविला तर उणेपणा वाटेल. आकडे दोन्ही वेळा खरेच. रंग कोठे द्यावयाचा ही निवड माणसाची असते, आकड्यांची नसते. म्हणून रंगाने फक्त बोट दाखवावे, माप बदलू नये, हा नियम कडकपणे पाळावा लागतो. तो सर्वांत अधिक मोडतो तळरेषेपाशी. समजा, पहिला आलेख शून्यापासून सुरू न करता ६० पासून सुरू केला. गोव्याच्या स्तंभाला २९ टक्क्यांची उंची उरेल आणि आंध्राच्या स्तंभाला फक्त ७ ची. म्हणजे ८९ आणि ६७ यांत जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा फरक असताना एक स्तंभ दुसऱ्याच्या चौपट दिसेल. त्यातच तो बुटका स्तंभ तांबडा रंगविला, की असत्याला रोषणाई केल्यासारखे होईल. स्तंभ लांबीनेच बोलतो. त्याचे पाय कापले तर त्याचे बोलणे खोटे ठरते. लहान फरक मोठा करून दाखविण्याची खरोखरीच गरज असेल, तर स्तंभ सोडून ठिपक्यांचा आलेख काढावा.

दुसरी चूक लोभाची आहे. मध्य प्रदेश रंगविला, मग सर्वांत पुढे म्हणून गोवाही रंगवावासा वाटतो, आणि आपले म्हणून महाराष्ट्रही. सहांपैकी तीन स्तंभ रंगीत झाले की पाहणाऱ्याला पुन्हा शोधाशोध करावी लागते, आणि करडे स्तंभच उलट वेगळे दिसू लागतात. दोन राज्यांची तुलना हाच विषय असेल, तर एकाच रंगाची गडद आणि फिकी छटा चालेल. त्यापुढे जाऊ नये. आणखी काही सांगावयाचे असेल, तर दुसरा आलेख काढावा. कागद स्वस्त आहे.

तिसरी चूक अतिनम्रतेची. करडा रंग मागे राहावा म्हणून तो इतका फिका केला जातो, की स्तंभ कागदात विरून जातात. मग लाल स्तंभ एकटाच उभा राहतो आणि ड्यू बॉइस यांच्या तक्त्यातील शेजाऱ्यांचे सारे काम वाया जाते. मागल्या रांगेतील माणसाला प्रत्येक करड्या स्तंभाचा माथा दिसतो आहे की नाही, हे दालनाच्या टोकाला जाऊन पाहिले म्हणजे छटा ठरविता येते.

आणि काही वेळा ही रीत वापरूच नये. ज्या तक्त्यातून प्रत्येकाने आपापले राज्य शोधावयाचे आहे, म्हणजे जो संदर्भासाठी भिंतीवर कायम राहणार आहे, त्यात एकाला रंग देणे म्हणजे इतरांना गप्प करणे होय. तेथे सर्व स्तंभ एकाच साध्या रंगात असावेत. ज्याचे वाक्य अजून सापडलेले नाही, अशा आकड्यांनाही हेच लागू पडते. अभ्यासकाने आधी सर्व स्तंभ सारख्या नजरेने पाहावेत, रंगाचा कुंचला नंतर उचलावा.

आलेख साधला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. विषय ठाऊक नसलेल्या एखाद्या माणसापुढे तो शीर्षक झाकून धरावा, पाचापर्यंत आकडे मोजावेत आणि काढून घ्यावा. 'मध्य प्रदेशाविषयी काही आहे' एवढे तो म्हणाला, तर रंगाने आपले काम केले. 'मध्य प्रदेश खालून दुसरा आहे आणि त्या तुटक रेषेपर्यंत पोचत नाही' असे म्हणाला, तर करड्या स्तंभांनीही आपले काम केले, असे समजावे.